ससा लगेच का पळत नाही?

डिसेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही वावरात जा. तूर डोक्याच्या वर गेलेली असते, पऱ्हाटीला पांढरी बोंडं फुटलेली असतात आणि धुऱ्यावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं. त्या धुऱ्यावरून तुम्ही चार मित्र गप्पा मारत, एकमेकांना ढकलत चालला आहात. आणि एकदम अगदी पायाखालून काहीतरी तपकिरी उसळतं, दोन उड्यांत तुरीत घुसतं आणि दिसेनासं होतं. तुम्ही दचकून एक पाऊल मागे. ससा होता!

आता जरा विचार करा. तुमचा दंगा त्या सशाला शंभर पावलांवरूनच ऐकू आला असणार. एवढे लांब कान काय शोभेला आहेत? मग तो तेव्हाच का नाही पळाला? तुमचा पाय त्याच्या पाठीवर पडायची वेळ आली तोवर तो तिथेच बसून होता. एक कानसुद्धा न हलवता.

रात्री जागल करणाऱ्या एखाद्या आबांना हे विचारलंत तर ते हसतील. “ससा दिसत नाई रे पोट्ट्याहो. तो उठला का मंगच दिसते.” झालं. आबांनी अर्ध उत्तर एका वाक्यात देऊन टाकलं. उरलेलं अर्ध मात्र जरा वळणावळणाचं आहे, आणि त्यासाठी वावरातून थेट टिपेश्वरच्या जंगलात जावं लागेल.

टिपेश्वर अभयारण्य आपल्या जिल्ह्यातच, पांढरकवड्याजवळ आहे. १९९७ साली ते अभयारण्य झालं, क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर. सागाचं जंगल, मधेमधे गवताळ पट्टे, पाणवठे, आणि हो, वाघ. तिथे सुन्ना गेटमधून सफारीला गेलात तर चितळांचा कळप दिसणारच. जिप्सी वळणावर आली की कळपातलं एखादं चितळ मान वर करून तुमच्याकडे बघतं आणि तसंच उभं राहतं. पुढचा एक पाय कधी कधी अर्धवट उचललेला असतो, तोही तसाच हवेत. कोणीतरी हमखास म्हणतं, “बिचारं घाबरून थिजलं!”

थिजलं हे खरं. बिचारं हे मात्र साफ चूक.

दुर्बिणीतून त्याच चितळाकडे नीट बघा. अंग हलत नाही, पण कान? एक कान तुमच्या दिशेला आहे आणि दुसरा हळूच मागच्या झुडपाकडे वळतोय. दोन्ही कान वेगवेगळे फिरतात. नाकपुड्या फुगल्या आहेत, कारण वाऱ्यावर कसला वास येतोय का याची तपासणी चालू आहे. मागच्या मांडीचे स्नायू ताणलेले आहेत. घाबरून ज्याचं डोकं बंद पडलंय, त्याचं शरीर असं कामाला लागलेलं नसतं. पळायचं विसरून गेलेला प्राणी तुमच्यासमोर नाही. पळण्याची सगळी तयारी करून, मुद्दाम न पळता थांबलेला प्राणी तुमच्यासमोर आहे.

शरीराच्या आत काय चाललंय ते तर आणखी गमतीचं. तुम्ही घाबरून पळालात की छातीत धडधड वाढते, हे तुम्हाला माहीत आहे. पण प्राणी भीतीने असा स्तब्ध होतो तेव्हा त्याच्या हृदयाचे ठोके चक्क कमी होतात! १९७०च्या दशकात अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या पाडसांवर शास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिलं. गवतात निजलेलं पाडस दचकलं की त्याचे ठोके झपकन खाली यायचे. म्हणजे शरीराला एकाच वेळी दोन हुकूम सुटलेले असतात. एक म्हणतो, स्नायू ताण, पळायला तयार हो. दुसरा म्हणतो, थांब, जागचा हलू नकोस. मोटरसायकल गिअरमध्ये आहे, इंजिन घुरघुरतंय आणि ब्रेक घट्ट दाबून धरलाय, तशी ही अवस्था. ब्रेक सुटला की गाडीला नव्याने किक मारावी लागत नाही. म्हणूनच धुऱ्यावरचा ससा उठताना रखडत उठत नाही, पहिल्याच उडीत पूर्ण वेगात असतो.

ठीक आहे. पण ब्रेक दाबून बसायचं कशाला? आधीच पळालं तर बिघडतं कुठे?

त्यासाठी एक छोटा प्रयोग करू. मित्राला तुमच्या मागे उभं करा. तुम्ही समोर भिंतीवरच्या एका खिळ्याकडे बघा, डोळे अजिबात हलवायचे नाहीत. आता मित्राने एखादं रंगीत पेन तुमच्या कानाच्या रेषेत धरायचं आणि अगदी हळू, स्थिर हाताने पुढे आणायचं. पेन दिसलं की तुम्ही “दिसलं” म्हणायचं. पुढच्या वेळी मित्राने तेच करायचं, पण पेन टकटक हलवत. हलणारं पेन तुम्हाला बरंच आधी कळेल. गंमत म्हणजे काहीतरी हललं हे कळतं तेव्हा ते लाल आहे की निळं हे सांगता येत नाही. रंग आणि आकार पुढे, डोळ्याच्या मधल्या भागासमोर आल्यावरच कळतात.

डोळ्याच्या कडेला बारीकसारीक काही दिसत नाही, पण हालचाल मात्र चटकन कळते. हे तुमच्याआमच्या डोळ्यांचं झालं. वाघ, बिबट्या, कोल्हा, गरुड या सगळ्यांचंही लक्ष हालचालीने वेधलं जातं. आता वाळलेल्या गवताच्या रंगाचा ससा वाळलेल्या गवतात बसलाय. किंवा पांढऱ्या ठिपक्यांचं चितळ सागाच्या फांद्यांतून गळणाऱ्या उन्हाच्या ठिपक्यांत उभं आहे. ते हललं नाही तर त्याची कड कुठे संपते आणि झुडूप कुठे सुरू होतं हेच कळत नाही. हललं की मात्र सगळे ठिपके एकत्र सरकतात, आणि गवताच्या गर्दीतून एक आख्खं जनावर वेगळं होऊन समोर येतं. लपायला रंग मदत करतो, पण न हलण्याच्या अटीवर.

शिवाय पळालं की आवाज होतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी टिपेश्वरमध्ये सागाची पानगळ होते. सागाचं वाळलेलं पान ताटाएवढं असतं आणि त्यावर पाय पडला की कुर्रकन वाजतं. अशा जंगलात पंचवीस चितळं चार-चार पायांनी चालू लागली तर त्यांना स्वतःच्या पायांखेरीज दुसरं काय ऐकू येणार? थांबलं की पायांचा गोंगाट बंद. मग दुसऱ्या कोणाचं पाऊल पानावर पडलं तर तेवढंच ऐकू येतं.

एवढं कळल्यावर आता टिपेश्वरच्या एखाद्या पाणवठ्यावर काय घडतं ते सावकाश बघू.

दुपार कलली आहे. चितळं पाण्याच्या काठाने चरताहेत. पलीकडच्या गवतात, चाळीस मीटरवर, वाघीण दबकून बसली आहे. चाळीस मीटर म्हणजे तिच्यासाठी फार लांब. वाघ दमाचा धावपटू नाही. त्याला भक्ष्याच्या अगदी जवळ, साधारण वीसेक मीटरच्या आत पोहोचावं लागतं आणि मग दोन-चार झेपांत काम संपवावं लागतं. म्हणून ती सरकते. पंजा उचलते, पुढे टेकवते, थांबते.

एक पान वाजतं.

काठावरच्या एका मादीची मान झटकन वर येते आणि ती पुतळा होते. आणि वाघीण? तीही पुतळा होते! पंजा अर्धवट उचललेला असेल तर तो तसाच हवेत राहतो. कारण हरणाचीही तीच अडचण आहे. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला मागचंही बरंचसं दिसतं. पण तांबूस-केशरी आणि हिरवा हे रंग त्याला आपल्यासारखे वेगळे काढता येत नाहीत. आपल्याला इतका भडक वाटणारा वाघ चितळाच्या डोळ्यांना गवतात मिसळून गेलेला दिसतो. म्हणून चितळ वाट बघतंय की वाघीण हलेल, आणि वाघीण वाट बघतेय की चितळाची मान खाली जाईल. दोघी एकच खेळ खेळताहेत, आणि जी आधी हलेल ती हरेल.

मादीला अजून खात्री नाही. पान वाजलं, पण ते मुंगसानेही वाजवलं असेल, वाऱ्यानेही. प्रत्येक आवाजाला पळत सुटलं तर दिवसभरात पोटात गवताची काडी जायची नाही. आणि समजा पळाली, तर कोणत्या दिशेला पळणार? धोका नेमका कुठे आहे हेच माहीत नसेल तर पळत पळत त्याच्याच तोंडी जायची पाळी. थांबण्याचा हा फायदा मला तरी सगळ्यात मोठा वाटतो. थांबणं म्हणजे आधी धोक्याचा पत्ता शोधणं.

मादी पुढचा पाय उचलते आणि जमिनीवर आपटते. टप्. कळपातल्या बाकीच्या माना वर येतात. आता दोन डोळ्यांऐवजी पन्नास डोळे आणि पन्नास कान एकाच दिशेला लागले आहेत. तेवढ्यात गवताची चार पाती वाऱ्याच्या उलट दिशेला हलतात. बस्स! शेपूट वर, आणि एक तीक्ष्ण “क्याँव!”

हा कॉल ऐकला की जिप्सीतले गाइडकाका एकदम ताठ होतात, कारण वाघ जवळपास आहे हे कळण्याची ती सगळ्यात भरवशाची खूण. पण चितळ ही बातमी फक्त आपल्या सोबत्यांना देत नाही, वाघिणीलाही देतं. पाहिलं तुला! डाव उघडा पडला की वाघीण पुष्कळदा सरळ उठून चालू लागते. जॉर्ज शॅलर नावाचे प्राणिशास्त्रज्ञ १९६०च्या दशकात मध्य प्रदेशातल्या कान्हाच्या जंगलात राहून वाघ आणि हरणांचा अभ्यास करत होते. त्यांनी टिपून ठेवलंय की वाघ उघड्यावरून चालला असेल तर चितळं जीव घेऊन लांब पळत नाहीत. बेताचं अंतर ठेवून त्याच्यावर नजर ठेवतात, कधी तर त्याच्या मागेमागेही जातात. दिसणाऱ्या वाघाची फारशी भीती नसते, भीती असते ती न दिसणाऱ्या वाघाची.

आता तुमच्या मनात प्रश्न आला असेल की हे सगळं चितळ विचार करून ठरवतं का? “आता थांबावं, आता पळावं” असं?

तेवढा वेळच नसतो. हे ठरतं मेंदूच्या खोल, फार जुन्या भागात, आणि त्याच्यावरचे सगळ्यात सुंदर प्रयोग हरणांवर नाही, उंदरांवर झालेत. २०१६ साली लंडनमधल्या शास्त्रज्ञांनी एका खोक्यात उंदीर ठेवले आणि वर छताच्या जागी एक पडदा लावला. त्या पडद्यावर त्यांनी कधी एक लहानसा काळा ठिपका एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकवला. उंदीर जागच्या जागी स्तब्ध! कधी तोच ठिपका भराभर मोठा होत जाताना दाखवला. उंदीर धूम पळून आडोशाला!

त्या ठिपक्याच्या जागी गरुड ठेवून बघा. लांब आकाशात घिरट्या घालणारा गरुड सरकत्या ठिपक्यासारखा दिसतो. त्याने अजून तुम्हाला पाहिलेलं नाही, तेव्हा हलू नका. ठिपका मोठा मोठा होऊ लागला म्हणजे तो तुमच्यावरच झेपावतोय. आता न हलण्यात अर्थ नाही, पळा! आणि हे उंदीर प्रयोगशाळेतले. त्यांनी जन्मात कधी गरुड पाहिला नव्हता. तरी त्यांच्या मेंदूला हा फरक माहीत होता.

पुढच्याच वर्षी आणखी एक गोष्ट कळली. खोक्यात लपायला आडोसा असेल तर उंदीर पळतो. आडोसा काढून टाकला तर तोच उंदीर तेच भय बघून पळण्याऐवजी स्तब्ध होण्याकडे वळतो. पळून जायचं कुठे, हा प्रश्नही मेंदू त्या क्षणी बघून घेतो.

इथे आपल्या धुऱ्यावरच्या सशाकडे परत यायला हवं. तुमच्या ओळखीचा पांढरा पाळीव ससा आणि आपला रानससा हे एक नव्हेत. पाळीव सशाचे रानातले भाऊबंद, ते युरोपातले, जमिनीत बिळं खोदतात. घाबरले की बिळात शिरले, झालं. आपला रानससा बीळ खोदत नाही. गवताच्या बुंध्याशी अंग दाबून केलेल्या उथळ खळग्यात तो दिवसभर बसतो, कान पाठीवर आडवे टाकून, आणि चरायला रात्री निघतो. त्याला पळून जायला घरच नाही. तेव्हा दिसायचं नाही, हेच त्याचं घर. तुम्ही शंभर पावलांवर असताना तो उठला असता तर तुम्हाला, एखाद्या कुत्र्याला आणि आकाशातल्या गरुडालाही तो दिसला असता. बसून राहिला तर दहातल्या नऊ वेळा माणसं बाजूने निघून जातात. पाय अगदी अंगावर येतोय असं झालं की मगच ब्रेक सुटतो, आणि त्या अचानक उसळीने तुम्ही दचकता. तुमच्या त्या दचकण्यात त्याला चार-पाच उड्यांची आघाडी मिळते.

मेंदूत हे थांब-पळ ठरतं कुठे, तेही शोधलंय. मेंदूच्या मधल्या भागात एक बारीक नळी असते आणि तिच्याभोवती करड्या पेशींचा थर असतो. त्या थरातली खालची बाजू चेतवली की प्राणी स्तब्ध होतो, वरची बाजू चेतवली की पळत सुटतो. एका बोटाच्या पेरात मावतील इतक्या जवळ हे दोन्ही भाग आहेत. भीतीची बातमी वरून येते आणि धोका लांब की जवळ, आडोसा आहे की नाही, यावरून पारडं इकडे किंवा तिकडे झुकतं.

पाडसांची गोष्ट मात्र वेगळी. चितळाचं किंवा काळविटाचं पाडस पहिले काही दिवस आईच्या मागे धावू शकत नाही. आई त्याला गवतात निजवून थोडी लांब चरायला जाते. त्याच्याकडे पळण्याचा पर्यायच नसतो, फक्त थांबणं असतं. मान जमिनीला टेकलेली, श्वास मंद, ठोके मंद. पण कोल्हा डोळ्यांपेक्षा नाकाने शोधतो, त्याचं काय? त्याची सोय आई करते. ती पाडसाला चाटून स्वच्छ ठेवते, त्याची शी-शूसुद्धा चाटून टाकते, म्हणजे वास पसरायला नको. आणि स्वतः दिवसातून थोडाच वेळ त्याच्याजवळ येते, कारण तिच्या मागोमाग कोणी आलं तर? रानसशांच्या जातींमध्ये तर आई पिल्लाला दूध पाजण्यापुरतीच येते आणि लगेच निघून जाते.

हे माहीत नसल्याने घोटाळा होतो. सोयाबीन सोंगताना किंवा हरभरा उपटताना मजुरांना सशाचं मुठीएवढं पिल्लू सापडतं. पिल्लू पळत नाही, हातात घेतलं तरी हलत नाही. सगळ्यांना वाटतं, आई सोडून गेली, किंवा किती माणसाळलेलं आहे बघा! खरं तर ते भीतीने ब्रेक दाबून बसलेलं असतं आणि आई संध्याकाळी येणार असते. घरी नेऊन बाटलीने गाईचं दूध पाजलेली अशी पिल्लं बहुधा जगत नाहीत. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानटी प्राणी असा घरी ठेवता येत नाही. पिल्लू धडधाकट असेल तर तेवढी दोन-चार झाडं सोंगायची सोडून लांब जायचं. त्याला जखम झाली असेल तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा.

एक फरक इथेच सांगून टाकतो. पाळीव सशाला उताणं करून धरलं की तो गपगार पडतो आणि लोक व्हिडिओ काढतात, “बघा कसा झोपला!” तो झोपलेला नसतो. शत्रूच्या तोंडात सापडल्यावर मेल्यासारखं पडून राहण्याची ती शेवटची युक्ती आहे. पकडलं जाण्याआधीचं थांबणं वेगळं आणि पकडल्यानंतरचं हे वेगळं. तुमच्याकडे ससा असेल तर त्याला कधी उताणा धरू नका.

आता या युक्तीचा पराभव कुठे होतो ते बघू. लपून येणाऱ्या, एकट्याने शिकार करणाऱ्या वाघ-बिबट्यासमोर थांबणं कामाचं. रानकुत्र्यांच्या टोळीसमोर नाही. ती वासावरून माग काढत येतात, दमवून दमवून पाठलाग करतात. त्यांनी एकदा माग धरला की उभं राहणं म्हणजे संपणंच. गावातली मोकाट कुत्रीही टोळीने येतात, आणि उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात वावराजवळ आलेल्या चितळांचे त्यांच्यापुढे फार हाल होतात.

पण सगळ्यात मोठा पराभव होतो रस्त्यावर. नागपूरहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पांढरकवड्यावरूनच जातो. रात्रीची वेळ, एक चितळ रस्त्याच्या मधोमध, आणि समोरून ट्रक. हरणाच्या डोळ्यांच्या आत, पडद्यामागे, प्रकाश परत फिरवणारा एक थर असतो. रात्री त्याचे डोळे चमकतात ते त्यामुळे. चांदण्याचा जरासा उजेडही त्याला पुरतो. त्या डोळ्यांत ट्रकचे हेडलाइट शिरले की समोरचं सगळं पांढरंफटक. काय येतंय, किती लांब आहे, कोणत्या बाजूला पळायचं, काहीच कळत नाही. आणि काही कळत नसेल तेव्हा काय करायचं, हे त्याला लाखो वर्षांपासून पाठ आहे. थांबायचं.

वाघीण असती तर तीही थांबली असती. ट्रक थांबत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. चितळ फक्त ३ सेकंद विचारात पडलं तर गाडी ६६ मीटर पुढे आलेली असते. डिपरवरचा उजेड साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत पोहोचतो. म्हणजे ड्रायव्हरला चितळ दिसतं तेव्हापासून दोघांकडे मिळून तेवढेच ३ सेकंद असतात. त्यातला सेकंद-दीड सेकंद ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाण्यातच संपतो. वेग ५०च्या आत असेल तर मात्र गाडी आधीच आवरते. तेव्हा बाबांसोबत रात्री जंगलपट्ट्यातून जाताना डोळे चमकलेले दिसले तर त्यांना सांगा, वेग कमी करा आणि अपर लाइट बंद करून डिपर द्या. डोळ्यांवरचा झगमगाट गेला की ते जनावर बहुतेक वेळा आपली वाट आपण शोधतं. आणि एक रोही ओलांडून गेली म्हणून लगेच ॲक्सिलरेटर देऊ नका, तिच्या मागे दुसरी उभी असते.

राहता राहिलो आपण माणसं. आपल्यातही हा ब्रेक आहे बरं का! २०१० साली नेदरलँड्समध्ये शास्त्रज्ञांनी माणसांना एका खास फळीवर उभं केलं. आपण कितीही स्थिर उभे राहिलो तरी शरीर सतत किंचित डुलत असतं, आणि ही फळी ते डुलणं मोजत होती. समोर पडद्यावर वेगवेगळे चेहरे दाखवले. हसरे चेहरे, साधे चेहरे, रागावलेले चेहरे. रागावलेले चेहरे आले की माणसांचं डुलणं कमी व्हायचं आणि हृदयाचे ठोकेही मंद व्हायचे. पडद्यावरचा चेहरा चावणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरीसुद्धा.

तेव्हा वर्गात सर एकदम तुमच्याकडे वळून “तू सांग!” म्हणाले आणि तुम्ही बाकावर ताठ होऊन नुसते बघत राहिलात, तर मागच्या बाकावरच्यांनी खुशाल हसावं. फक्त सरांना “चितळाचंही असंच होतं” हे सांगून बघू नका. उत्तर आलं नाही ते नाहीच, असं ते म्हणतील.